आजी म्हणते सोमवार होता, पुस्तक म्हणतं १७ सप्टेंबर. प्रकल्पात काय लिहू?

बालाघाटची_पोर

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. या सत्रात मौखिक इतिहासाचा प्रकल्प आहे. घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाची मुलाखत घ्यायची, ती जशीच्या तशी उतरवायची आणि छापील इतिहासाशी ताडून बघायची. मी आजीची घेतली, आईच्या आईची. तिचं माहेर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, जळकोट आणि उमरगा यांच्या मधलं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. १९४८ साली ती दहा-अकरा वर्षांची असेल.

पोलीस कारवाईबद्दल विचारलं. आपण शाळेत शिकलो ते असं, की १३ सप्टेंबरला कारवाई सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला आणि मराठवाडा मुक्त झाला. आजी म्हणते, "गवरी नुकत्याच गेल्या व्हत्या, गणपती घरातच व्हता. सोमवार व्हता, आईचा उपास. दुपारच्याला रस्त्यानं लोखंडी गाड्या गेल्या, आमी ज्वारीत बसून बघितल्या. त्याच दिवशी रझाकार पळाले." पुढे म्हणते की त्याआधी सकाळी नळदुर्गचा पूल निजामाच्या लोकांनी उडवून दिला.

इथपर्यंत ठीक. खरी अडचण यानंतरची आहे. आजीच्या मते आमच्या गावात जे वाईट झालं ते रझाकार असताना कमी आणि ते पळाल्यावर जास्त झालं. लष्कर पुढे निघून गेल्यावर आजूबाजूच्या गावांतली माणसं आली. शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, बांगड्या विकायचे. त्यांची मुलगी आजीची मैत्रीण. मुलीला आणि तिच्या आईला पणजोबांनी धान्याच्या बळदात लपवलं, वर रिकामी पोती टाकली. मुलीचे वडील शेतात गेले होते, ते परत आले नाहीत. आजीने हे सांगितलं आणि मग म्हणाली, "हे लिहू नकोस."

मार्गदर्शक सरांनी कच्चा मसुदा पाहिला. सोमवारच्या बाजूला लाल पेनाने "दिनांक तपासा, १७ सप्टेंबर" असं लिहिलं. शेवटच्या भागाबद्दल तोंडी म्हणाले, प्रकल्पात नको, पुस्तकात याला आधार नाही आणि उगाच वाद होतील.

मला कळत नाहीये की आजीचं चुकतंय, पुस्तकाचं चुकतंय की माझं विचारणं चुकलंय.

---

ठाम_मत

आजींचं वय बघता तारखेचा घोळ होणं अगदी स्वाभाविक आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला साजरा होतो, सरकारी ध्वजवंदन त्याच दिवशी होतं. सर बरोबर आहेत. आणि लष्कर आल्यावर लोकांनी सुटकेचा श्वास घेतला हा इतिहास आहे. रझाकारांनी काय काय केलं ते सोडून "नंतर जास्त वाईट झालं" हे म्हणजे उलटी गंगा. प्रकल्पात रझाकारांचे अत्याचार लिहा, ते कुणी नाकारत नाही.

---

शिस्तप्रिय

पाठ्यपुस्तकात चूक असेल तर त्याची रीतसर पद्धत आहे. बालभारतीला पत्र लिहायचं, इयत्ता, पान क्रमांक, ओळ क्रमांक द्यायचा, आणि सोबत पुरावा जोडायचा. मी भूगोलाच्या पुस्तकातल्या एका नकाशाबद्दल लिहिलं होतं. पुढच्या आवृत्तीत बदल झाला होता.

---

बालाघाटची_पोर

@शिस्तप्रिय काका, मला पुस्तक बदलायचं नाहीये हो. मला प्रकल्प सादर करायचाय.

---

दप्तरदार

आजींची तारीख तपासून पाहिली. त्यांचं बरोबर आहे, आणि पुस्तकही चुकलेलं नाही. सांगतो.

त्यांनी तारीख सांगितलेलीच नाही. त्यांनी तीन खुणा दिल्यात. गौरी गेल्या होत्या, गणपती अजून घरात होता आणि सोमवार होता. १९४८ सालची अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला, शुक्रवारी होती. गौरी गेल्यापासून अनंतापर्यंत त्या वर्षी सोमवार एकच पडतो, तो १३ सप्टेंबरचा. आता लष्कराची हालचाल बघा. सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचं मुख्य सैन्य १३ तारखेला पहाटे हद्दीत शिरलं. नळदुर्ग घेतलं, सकाळी नऊच्या सुमाराला चिलखती तुकडी जळकोटला होती आणि दुपारी सव्वातीनच्या आसपास पुढची तुकडी उमरग्यात पोचली. तुमचं गाव जळकोट आणि उमरगा यांच्या मध्ये. म्हणजे गाड्या तिथून सकाळी नऊ ते दुपारी तीन यांच्या दरम्यान कधीतरी गेल्या असणार. आजी "दुपारच्याला" म्हणतात. याहून नेमकी साक्ष कुठल्या दप्तरात मिळणार?

पुस्तकातला १७ सप्टेंबर हा निजामाने युद्धबंदी जाहीर केली तो दिवस. त्या संध्याकाळी त्याचं रेडिओवर भाषण झालं. औपचारिक शरणागती तर त्याच्याही दुसऱ्या दिवशी, १८ ला, निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी चौधरींपुढे पत्करली. संस्थानाचा शेवट १७ ला झाला, पण आजींच्या गावापुरता तो १३ लाच झाला होता. उस्मानाबाद शहरात फौजा १४ ला शिरल्या. लातूर आणि अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, त्याच्याही नंतर. मराठवाड्यातल्या दहा गावांच्या दहा आज्यांना विचारलंत तर तीन-चार वेगवेगळे दिवस मिळतील आणि सगळे खरे असतील.

सरांच्या लाल पेनाला उत्तर म्हणून एवढं एक पान पुरे. त्यांच्याशी वाद घालू नका. पंचांगाची नोंद आणि रस्त्याचा साधा नकाशा जोडा.

पुलाचं मात्र आजींचं चुकतंय. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल उडवला गेला नाही. तो शाबूत हाती लागला म्हणून तर चिलखती गाड्या त्या सकाळी इतक्या लवकर पुढे येऊ शकल्या. पूल पडला असता तर भाद्रपदातली बोरी ओलांडायला वेळ लागला असता आणि आजींना त्या गाड्या सोमवारी दिसल्याच नसत्या.

---

बालाघाटची_पोर

सर, पंचांगाचं डोक्यातच आलं नव्हतं! पण मग एक प्रश्न पडतो. पूल चुकला तर बाकीचं कशावरून बरोबर?

---

दप्तरदार

रास्त प्रश्न आहे, तुमचे परीक्षकही हाच विचारतील.

पूल आजींनी पाहिला नव्हता. त्या त्याच्यापासून कित्येक कोस लांब ज्वारीत बसल्या होत्या. नळदुर्गकडून तोफांचे आवाज आले असतील, कुणीतरी "पूल उडवला" म्हणालं असेल आणि ते राहून गेलं. उपास मात्र त्यांच्याच घरातला होता, गणपती त्यांच्याच देवघरात होता. म्हणून मुलाखत उतरवताना प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा, की हे पाहिलेलं, हे तेव्हा ऐकलेलं आणि हे मागाहून कळलेलं. आजींना पुन्हा भेटलात की "पूल उडवला का?" असं विचारू नका, त्या हो म्हणतील. "तू तेव्हा कुठं होतीस? तिथून काय दिसत होतं? पुलाचं कुणी सांगितलं?" असं विचारा. आणि मधे थोडे दिवस जाऊ देऊन विचारा, म्हणजे मागचं बोलणं त्यांच्या तोंडात तयार बसलेलं नसेल.

वडील परत आले नाहीत हे पाहिलेलं आहे की ऐकलेलं, हेही अशाच पद्धतीने कळेल. ते परत आले नाहीत हे त्यांनी पाहिलं. ते कुठे आणि कुणाच्या हातून गेले हे बहुधा ऐकलेलं असेल. दोन्ही लिहायचं, पण वेगवेगळं.

---

पैठणकर_काका

वाचून आमच्या आजोबांची आठवण झाली. ते सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, बार्शीच्या बाजूला. ऑगस्ट ४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांना पकडल्यावर हे लोक हद्दीबाहेर पडले आणि तिथून रात्री आत येऊन निजामाचे करोडगिरी नाके जाळायचे. नाक्यावर शिपाई दोन-चारच असायचे आणि जाळायचं ते मुख्यतः दप्तर. आजोबा सांगायचे की एका नाक्यावर पेटीत हाली रुपये निघाले, ते कॅम्पात जमा केले आणि बार्शीच्या बाजारात कुणी घेईना, तिथं कलदार चालायचे. सन्मानपत्रात मात्र आजोबांचं नाव एका भलत्याच कॅम्पाखाली लागलं होतं. शेवटपर्यंत म्हणत राहिले, मी त्या कॅम्पात कधी गेलोच नाही. पेन्शन चालू होती म्हणून घरच्यांनी गप्प बसवलं. तेव्हा कागदच बरोबर असतो असं मानू नका एवढंच सांगायचंय.

---

ठाम_मत

तारखेचं मान्य. १३ आणि १७ चा हिशोब पटला. पण पुढच्या भागाचं काय? एका घरातल्या एका घटनेवरून "नंतर जास्त वाईट झालं" असा निष्कर्ष काढायचा? हे सगळे लोक ज्याच्या जिवावर बोलतात तो कारवाईनंतरच्या हत्यांवरचा सुंदरलाल अहवाल सरकारने कधी स्वीकारलेलाच नाही आणि त्यातले आकडे अंदाजे आहेत. शिवाय रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील, म्हणजे तेव्हाच्या तुमच्याच जिल्ह्यातला. लोकांच्या मनात राग होता तो हवेतून आला नव्हता.

---

खडूफळा

मी आठवीला हा धडा शिकवतो. त्या पाठात संस्थानांचं विलीनीकरण, हैदराबाद, जुनागड, काश्मीर, सगळं थोड्या पानांत बसवायचं असतं. प्रश्न येतो, "हैदराबाद मुक्तिसंग्रामाबद्दल माहिती लिहा." मुलं रामानंद तीर्थ, वंदे मातरम् चळवळ, रझाकार आणि कारवाई एवढं लिहितात, गुण मिळतात. १८ सप्टेंबरनंतर काय झालं यावर प्रश्नच येत नाही, त्यामुळे मी आजवर शिकवलेलं नाही. पुस्तक खोटं सांगत नाही. १७ ला थांबतं, इतकंच.

माझ्या वर्गात एकदा एका मुलाने विचारलं होतं, "सर, मग आमचे आजोबा सोलापूरला का पळाले?" मी धडा पुढे नेला.

---

दप्तरदार

@ठाम_मत, तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून नीट लिहितो.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं पथक नेहरूंच्या सांगण्यावरून नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीला संस्थानात गेलं आणि डिसेंबरात परतलं. ही चौकशी आयोगासारखी रीतसर चौकशी नव्हती. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले आणि शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. अहवाल सरकारने छापला नाही. पासष्ट वर्षांनी, २०१३ च्या सुमाराला, तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचायला मिळू लागला. त्यातला संपूर्ण संस्थानाचा आकडा २७ हजार ते ४० हजार मृत्यू असा आहे. तो अंदाज आहे, मोजणी नाही. एवढी रुंद फट असलेला आकडा प्रकल्पात छातीठोकपणे लिहू नये हे मला मान्य आहे.

पण आकडा ढिला आहे म्हणून घटनाच घडली नाही असं होत नाही. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून अहवाल चार जिल्ह्यांची नावं घेतो ती अशी: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. आजींचं गाव यातल्या पहिल्याच जिल्ह्यात येतं. आणि रझाकारांच्या अत्याचारांचा राग याच्या मागे होता हे तोच अहवाल स्पष्ट म्हणतो. म्हणजे तुम्ही म्हणता तो राग आणि आजी सांगतात तो प्रकार, दोन्ही एकाच कागदात आहेत. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस लुटीत सामील झाल्याच्या तक्रारी त्यात आहेत, आणि काही ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवल्याच्याही नोंदी आहेत. विशेषतः एकाच धंद्यातली माणसं एकमेकांसाठी उभी राहिली असं ते लिहितात. विणकरांनी विणकरांना वाचवलं हे त्यातलं उदाहरण. पणजोबांचं बळद या चौकटीत अगदी चपखल बसतं.

तेव्हा "पुस्तकात आधार नाही" हे सरांचं म्हणणं पाठ्यपुस्तकापुरतं खरं आहे. बाहेर आधार आहे. मात्र "जास्त वाईट" हा आजींचा शब्द त्यांच्या गावापुरता ठेवा. जिथं रझाकारांनी गाव जाळलं तिथली आजी उलट सांगेल.

---

सोलापुरी_चादर

लिहू की नको असा विचार करत होते. खडूफळा सरांच्या वर्गातला तो मुलगा मी असू शकले असते.

माझे नाना उमरगा तालुक्यातले. वय सात-आठ. त्यांची आई दोन मुलांना घेऊन रात्री चालत चालत सोलापूरकडे आली. दिवसा ज्वारीत बसायचं आणि रात्री निघायचं. नाना तारीख कधीच सांगू शकले नाहीत. एवढंच म्हणायचे की त्या साली बकरीद झाली नाही. सोलापुरात कुणाच्या तरी ओसरीवर बसून होते आणि दसऱ्याचे ढोल ऐकू येत होते, एवढं त्यांना आठवायचं. घरात यावर कुणी बोलायचं नाही. अम्मीला मी विचारलं तर म्हणायची, जाऊ दे.

माझा प्रश्न एवढाच, की दसरा आणि बकरीद एकत्र येतात का? का नानांच्या डोक्यात दोन वर्षं मिसळली?

---

दप्तरदार

त्या वर्षी आले होते. १९४८ चा दसरा १२ ऑक्टोबरच्या सुमाराला होता, आणि बकरीद, म्हणजे जिल्हजची दहावी तारीख, त्याच्या मागोमाग, एक-दोन दिवसांत. चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडे-तिकडे. नानांनी दोन वर्षं मिसळलेली नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते सोलापुरात होते असं धरायला हरकत नाही.

---

बालाघाटची_पोर

@सोलापुरी_चादर ताई, काय लिहावं कळत नाहीये. माझ्या आजीनेही दसऱ्याचं सांगितलंय, ते मी वर लिहिलं नव्हतं कारण मला ते सणावाराचं बोलणं वाटलं होतं. ती म्हणाली, "दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या दारात गेले तर कडी लावलेली." बळदातून त्या दोघींना पणजोबांनी कधी आणि कुठे पोचवलं ते तिला माहीत नाही. सकाळी उठली तर त्या नव्हत्या.

काल पुन्हा बोलले तिच्याशी. दप्तरदार सरांनी सांगितलं तसं विचारलं. पुलाचं तिला मामाने सांगितलं होतं, आणि मामाही तिथं नव्हता! मैत्रिणीच्या वडिलांबद्दल म्हणाली, "ते सकाळी रानात गेलते. सांजच्याला त्यांचा बैल एकटाच घरी आला." पुढचं सगळं ऐकीव आहे. कुणी केलं ते गावाला माहीत होतं, तिलाही नावं माहीत आहेत. तिने मला सांगितली आणि मी ध्वनिमुद्रण थांबवलं.

मार्गशीर्षात कुणी टोप्या घातलेली माणसं चौकशीला आली होती का तेही विचारलं. म्हणाली, आमच्या गावाला कोण येतंय.

---

ठाम_मत

नावं लिहू नका. त्यांचे नातू-पणतू आज तिथंच राहत असतील, त्यांचा काय दोष.

---

पैठणकर_काका

आणि ज्यांचा माणूस गेला त्यांच्या नातवंडांचा काय दोष?

---

खडूफळा

दोघेही थांबा जरा. ती मुलगी बी.ए.ला आहे, न्यायालय नाही.

माझ्या मते आधीचा प्रश्न वेगळाच आहे. आजी "लिहू नकोस" म्हणाल्या. त्यांनी नकार दिला असेल तर आपण इथं कितीही पुरावे गोळा केले तरी ते वापरायचे कसे?

---

दप्तरदार

हा मुद्दा सगळ्यांत अवघड आहे आणि माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. काय करतात ते सांगतो.

"लिहू नकोस" म्हणजे नक्की काय नको, हे आजींना खोदून नाही, पण सरळ विचारावं. काही जणांना गावाचं नाव नको असतं, काहींना स्वतःचं, काहींना फक्त ती नावं नको असतात. काहींना आवाज द्यायचा नसतो पण मजकूर चालतो. उतारा वाचून दाखवा, मोठ्याने, त्यांच्याच बोलीत. प्रमाण मराठीत वाचलंत तर त्या म्हणतील, हे मी बोललेच नाही. नको म्हणतील ते वाक्य त्यांच्या समोर खोडा. सरसकट नकार असेल तर तो भाग जाणार, त्याला इलाज नाही. मग प्रकल्पात एवढंच लिहायचं की मुलाखतीचा काही भाग निवेदिकेच्या इच्छेवरून वगळला आहे. परीक्षक समजदार असेल तर त्याला ते पुरतं.

काही अभ्यासक म्हणतील, मूळ मुद्रण बंद ठेवून तीस वर्षांनी उघडायचं. पण महाविद्यालयाच्या कपाटात ते सुरक्षित राहील याची मला खात्री वाटत नाही. घरीच ठेवा, दोन प्रती करून.

---

शिस्तप्रिय

संमतिपत्रावर अंगठा किंवा सही घ्या. तारीख टाका. दोन साक्षीदार.

---

बालाघाटची_पोर

काल रात्री वाचून दाखवलं. आजी ऐकत होती, मधेच एका शब्दाला हसली, म्हणाली मी असं बोलते व्हय. गावाचं नाव नको, त्या माणसांची नावं नकोत, पणजोबांचं नाव मात्र घाल म्हणाली. "त्यांनी लपवलं ते कशाला झाकायचं?" बैलाचं वाक्य राहू दे म्हणाली. बळदाचंही. पण पणजोबांचं नाव घातलं तर गाव ओळखू येणारच ना? हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग तूच बघ.

मार्गदर्शक सरांकडे पंचांगाचं पान आणि नकाशा घेऊन गेले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं. तारखेची दुरुस्ती मागे घेतली. तिसऱ्या भागाबद्दल म्हणाले की अहवालाचा आधार असेल तर "स्थानिक स्मृती" असं शीर्षक देऊन परिशिष्टात घाल, मुख्य प्रकरणात नको. मला परिशिष्टात नकोय. तिथं कुणी वाचत नाही.

---

ठाम_मत

परिशिष्ट घ्या की. सरांनीही बऱ्यापैकी पाऊल पुढे टाकलंय. माझं अजूनही मत आहे की त्याआधीच्या वर्षभराचे रझाकारांचे प्रकार त्याच प्रकरणात हवेत. एकच बाजू नको.

---

बालाघाटची_पोर

ते आहे. आजीने तेही सांगितलंय. पणजोबांची बैलगाडी रझाकारांनी ओढून नेली होती, आणि लेव्हीचं धान्य न दिल्याबद्दल चुलत्याला चावडीसमोर मारलं होतं. ते सगळं पहिल्या भागात आहेच.

---

दप्तरदार

मग परिशिष्टाला हरकत घ्यायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे. गाडी नेणं, मारहाण, १३ तारीख, बळद, बंद दार, हे सगळं एकाच माणसाने एका ओघात सांगितलेलं आहे. त्यातला निम्मा भाग मागे टाकला तर ती मुलाखत आजींची राहत नाही. सरांना असंच सांगून बघा.

आणखी एक सुचवतो. शेजाऱ्यांची जमीन होती का विचारा. "रानात गेलते" म्हणतात म्हणजे स्वतःची किंवा बटाईची असेल. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तहसिलीच्या अभिलेख कक्षात मिळतं. त्या शेतावर तेव्हा कुणाचं नाव लागलंय ते बघा. त्या बाईचं किंवा मुलीचं नाव असेल तर त्या कुठेतरी पोचल्या आणि नोंद करायला परतल्या. दुसऱ्याचंच असेल तर विक्री, कूळ की नुसता कब्जा हे फेरफारात पाहावं लागेल. त्यावरून खून सिद्ध होत नाही, तसा अर्थ काढू नका. पण घर रिकामं झालं हे आजींच्या शब्दाबाहेरून कळेल. त्याच्या मागची निजामाच्या काळातली कागदपत्रं बहुतेक उर्दूत असतात, तिथं बरेच विद्यार्थी अडतात.

---

बालाघाटची_पोर

सर्व्हे नंबर माहीत नाही, पण आजी म्हणते त्यांचं रान आमच्या रानाला लागूनच होतं, मधे फक्त नाला. आमचा गट नंबर मामाकडे आहे. चतुःसीमेवरून शोधता येईल का?

---

दप्तरदार

येईल. पण आजचा गट नंबर जुन्या पत्रकात चालणार नाही. आधी तुमच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर गटवारीच्या तक्त्यातून काढा, मग गावचा जुना नकाशा घेऊन नाल्याच्या पलीकडचा नंबर बघा. अभिलेख कक्षात सकाळी लवकर जा आणि नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या.

---

सोलापुरी_चादर

उर्दू कागद निघाले तर मला पाठव, मी वाचून देते. शिकस्ता असेल तर अब्बांना दाखवीन, त्यांना ते वळण लागतं. फोटो सरळ वरून काढ, समास कापू नकोस, शेरे तिथंच लिहिलेले असतात. आणि जमलं तर नानांच्या गावाचंही पत्रक बघशील का? नंबर नाही माझ्याकडे, नुसतं नाव आणि मशिदीमागचं शेत एवढंच.

---

बालाघाटची_पोर

बघते ताई. गावाचं नाव निरोपात पाठवा.